मित्रमंडळींतर्फे भेट देताना दोन शब्द बोलणार आहात? या चुका टाळा

लग्नात ग्रुपतर्फे भेट द्यायची असते आणि देताना कुणीतरी दोन शब्द बोलायचे असतात. हे काम बहुतेक वेळा ऐनवेळी कुणाच्या तरी गळ्यात पडतं आणि तो 'बघू, सुचेल तसं बोलू' म्हणत उभा राहतो. सुचेल तसं बोलणाऱ्याला नेमकं तेच सुचतं, जे बोलायचं नसतं. पुढच्या चुका मी इतक्या वेळा पाहिल्यात की आता लिहूनच टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वर्गणी काढणाऱ्यांची यादी वाचणं. एका लग्नात आमच्या ग्रुपमधल्या एकाने मोबाईल काढला आणि पैसे जमा झाल्याचे मेसेज बघत एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. वधूवर खोक्याला एकेका बाजूने हात लावून उभे. यादी संपली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हिचं राहिलं!" जी राहिली, तिनेच दुकानं पालथी घालून ती भेट निवडली होती. तिने पैसे रोख दिले होते, म्हणून मेसेजमध्ये तिचं नाव नव्हतं. यावर हा माईकवरूनच म्हणाला, "हो हो, तिने कॅश दिली होती." म्हणजे कुणी कसे पैसे दिले ते सगळ्या हॉलला कळलं, आणि ती मात्र खाली मान घालून बसली. घरी जाईपर्यंत ती कुणाशी धड बोलली नाही.

नावं बोलायचीच नाहीत, ती कार्डावर लिहायची. कार्ड आदल्या दिवशी ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्यायचं, कारण आपल्या नजरेतून सुटलेलं नाव आपल्याला पुन्हा वाचूनही सापडत नाही. बोलताना 'आम्ही ट्रेकचे सगळे' एवढं पुरे. मी तर ग्रुपला हात वर करायला सांगतो. वधूवरांना चेहरे दिसतात आणि कुणी राहत नाही. रकमेचा, वर्गणीचा, 'सगळ्यांनी मिळून काढले' याचा उल्लेखही नको.

दुसरी चूक जास्त चिवट आहे. सुरुवात 'आम्ही'ने होते आणि तिसऱ्या वाक्याला 'मी' येतो. मी त्याला कसा भेटलो, मी त्याला कसं सांभाळलं. शिवाय किस्सा फक्त मित्राचा असतो, त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला आणि तिच्या माणसांना त्यात काहीच सापडत नाही. तुम्ही ग्रुपच्या वतीने उभे आहात, तुमच्या मैत्रीबद्दल बोलायला नाही. त्यामुळे किस्सा एकच घ्या, भेटीशी जोडलेला घ्या आणि त्याचा शेवट दोघांपाशी येऊ द्या. समजा, भेट दोघांसाठीचा तंबू आहे:

"नमस्कार, आम्ही सगळे याचे ट्रेकचे सोबती. इतकी वर्षं हा प्रत्येक ट्रेकला दुसऱ्याच्या तंबूत घुसून झोपला. मागच्या ट्रेकला मात्र ही पहिल्यांदा आमच्यासोबत आली, आणि रात्री वाऱ्याने तंबू कोसळला तेव्हा आमच्या आधी उठून खुंट्या हिनेच ठोकल्या. तेव्हाच आम्ही ठरवलं, या दोघांना स्वतःचा तंबू हवा. तो आज आणलाय. दोघांनी खूप फिरा, आणि अधूनमधून आम्हालाही बोलवा."

हे अर्ध्या मिनिटाच्या आसपास होतं. टाळ्या, हशा धरून एक मिनिट. दीड मिनिटाच्या पुढे गेलात तर पुढची माणसं आपापसात बोलायला लागतात. घरी मोठ्याने म्हणून घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलं की वेळ नेहमी कमीच वाटतो. नेटवरून उचललेले तयार परिच्छेद वापरू नका. त्यात कुणाचीही नावं घातली तरी चालतात, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

जुन्या प्रेमप्रकरणांचा उल्लेख नको, सूचकही नको. ग्रुपपुरते विनोद ग्रुपमध्येच ठेवा.

हातांचा विचार कुणीच आधी करत नाही. माईक, भेट आणि शुभेच्छांसाठी उंचवायचा ग्लास, अशा तीन वस्तू आणि हात दोन. भेट दुसऱ्या मित्राकडे द्या. तो तुमच्या शेजारी उभा राहील आणि 'आज आणलाय' या शब्दांवर पुढे करेल. ग्लास जवळच्या टेबलावर ठेवा आणि अगदी शेवटी उचला. लोकांनी कधी उचलायचा हे त्यांना कळायला हवं, म्हणून शेवटचं वाक्य दोघांच्या नावांवर संपवा आणि थांबा. माईक हनुवटीशी धरा, छातीशी नाही. शिटी वाजली तर माईकवर टिचक्या न मारता स्पीकरच्या समोरून बाजूला व्हा.

भेट तिथेच उघडायचा आग्रह धरू नका. चिकटपट्टी सोडवण्यात वेळ जातो आणि मागे माणसं खोळंबतात. आत काय आहे ते तुम्ही सांगितलेलंच आहे. खोकं दोघांच्या हातात द्या, फोटो होऊ द्या आणि खाली उतरा.