कॅमेऱ्याचा क्लाउड प्लॅन बंद करताय? आधी क्लिप उतरवून घ्या

पेडण्यात आमच्या मावसभावाचं घर आहे. वर्षातले नऊ महिने ते बंदच असतं. चवथीला सगळे जमतात, मग पुन्हा कुलूप. परत निघताना त्याने ठरवलं, वायफाय बंद करायचं, म्हणजे कॅमेऱ्याचा क्लाउड प्लॅनही नको. वर्षाचा प्लॅन होता आणि तीन महिने शिल्लक होते.

अ‍ॅपमध्ये त्याला दोन पर्याय दिसले. एक, पुढचं नूतनीकरण थांबवा. दुसरा, आत्ताच रद्द करा आणि उरलेले पैसे परत घ्या. पैसे परत मिळतात म्हटल्यावर कोण थांबतो! त्याने दुसरा दाबला. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपमधली जुन्या रेकॉर्डिंगची यादी कोरी. लाइव्ह चित्र मात्र नीट दिसत होतं, त्यामुळे आधी त्याला वाटलं नेटच मंद आहे. कंपनीकडे विचारलं तर उत्तर आलं, प्लॅन संपला की साठवलेलं फुटेज काढून टाकलं जातं, परत आणता येत नाही.

त्या यादीत 3 सप्टेंबरच्या रात्रीची एक क्लिप होती. रिव्हर्स घेताना एका जीपने त्याचं चिऱ्यांचं कंपाउंड पाडलं होतं, ती. त्याने ती व्हॉट्सअ‍ॅपवर मला पाठवली होती एवढंच. पण व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ दाबून लहान करतो, म्हणून जीप दिसते, नंबर वाचता येत नाही. हीच क्लिप त्याने ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली असती तर मूळ फाइल जशीच्या तशी माझ्याकडे आली असती.

क्रम उलटा झाला की फुटेज जातं

नूतनीकरण थांबवल्यावर साधारणपणे भरलेल्या मुदतीपर्यंत प्लॅन चालू राहतो आणि तोवर क्लिप उतरवता येतात. लगेच रद्द केलं की तो अवधीच मिळत नाही. मुदत चालू असली तरी 30 दिवसांच्या प्लॅनमध्ये 3 सप्टेंबरची क्लिप ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपोआप जाते. प्लॅन डिसेंबरपर्यंत आहे म्हणून क्लिपही डिसेंबरपर्यंत राहील, असं नसतं.

त्याहून घातक म्हणजे अ‍ॅपमधून कॅमेराच काढून टाकणं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये कॅमेरा खात्यातून काढला की त्याचं रेकॉर्डिंगही जातं, मग प्लॅन चालू असो वा नसो. कॅमेरा कोणाला द्यायचा असेल तर हे काम सगळ्यात शेवटी करा. आधी क्लिप उतरवा, फाइल लॅपटॉपवर उघडून बघा, मग नूतनीकरण थांबवा, मग कॅमेरा काढा, खातं त्याच्यानंतर.

आणि नुसतं अ‍ॅप डिलीट करून प्लॅन बंद होत नाही. प्लॅन प्ले स्टोअरमधून घेतला असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन, आयफोनवरून घेतला असेल तर सेटिंगमध्ये आपल्या नावाखाली जाऊन बंद करावा लागतो. यूपीआय ऑटोपे असेल तर आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये मँडेट दिसतं, ते तिथे रद्द करा. पैसे कापायच्या किमान 24 तास आधी सूचना येते, ती जाहिरात समजून पुसू नका.

क्लिपवरची वेळ जुळत नाही?

भावाचं नशीब चांगलं, समोरच्या वहिनींच्या कॅमेऱ्यातही जीप आली होती. त्यांच्याकडून क्लिप उतरवली. व्हिडिओत वेळ होती 3 सप्टेंबर, 00:04. फाइलचं नाव मात्र `20250902_183412.mp4`, म्हणजे आदल्या दिवशीची संध्याकाळ. पोलीस ठाण्यात हाच प्रश्न आला. घोळ काहीच नव्हता. फाइलचं नाव जागतिक वेळेने पडलं होतं, त्यात साडेपाच तास मिळवले की 18:34 चे 00:04 होतात आणि तारीखही पुढे सरकते. म्हणून फाइलचं नाव बदलू नका, वेगळ्या कागदावर नोंद ठेवा.

न्यायालयात द्यायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, लिहायची असते. विंडोजमध्ये फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडलं की ती अशी मिळते:

```
certutil -hashfile 20250902_183412.mp4 SHA256
```

क्लिप कापली, आवाज काढला, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून फिरवली, तर ही किंमत बदलते. मूळ प्रत पेनड्राइव्हवर बाजूला ठेवून द्या, बघायला दुसरी प्रत वापरा.

आता भाऊ कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालणार म्हणतो. घालू दे, पण कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. शिवाय काही कॅमेऱ्यांचं कार्ड लॅपटॉपला लावलं तरी उघडत नाही, त्याच अ‍ॅपमधून बघावं लागतं. आणि पावसाळ्यात वीज गेली की कार्ड असो वा क्लाउड, कॅमेरा आंधळाच.