ताम्हिणीत रेंज जाते: ऑफलाइन नकाशा घरूनच कसा उतरवून घ्यावा

पुण्याहून दिवेआगरला जाताना मुळशी मागे पडली की मोबाइलची रेंज येते-जाते आणि ताम्हिणी घाटात तर बराच वेळ नसतेच. यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘रस्त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव’. आमचे मेव्हणे असे अकरा स्क्रीनशॉट घेऊन पुढच्या सीटवर बसले होते. घाट उतरून विळ्याला आलो. इथे एक रस्ता कोलाडकडे जातो, दुसरा निजामपूरवरून माणगावला. आख्खा प्रवास एका स्क्रीनवर बसवला, तर हा फाटा नखाएवढाही उरत नाही. झूम करून काढलेले बाकीचे दहा होते, पण त्यातला नेमका कुठला पाहायचा हे ठरेपर्यंत आम्ही कोलाडच्या रस्त्याला लागलो होतो. स्क्रीनशॉटवर आपण कुठे आहोत तो निळा ठिपका हलत नाही. चुकलात तर चुकलात हेही कळत नाही.

ऑफलाइन नकाशात तो ठिपका हलतो, कारण जीपीएस उपग्रहांकडून येतं, त्याला इंटरनेट लागत नाही.

गूगल मॅप्स उघडा, वर उजवीकडच्या आपल्या फोटोवर टॅप करा, `Offline maps` मध्ये जा, `Select your own map` निवडा. घरच्या वायफायवर करा. इथवर कुणीही करेल.

पुढे नकाशावर एक चौकोन दिसतो आणि माझी पहिली फजिती तिथेच झाली. मी दिवेआगर बरोबर मध्यभागी आणून `Download` दाबलं. जायचं तिथेच, मग तेच मध्ये हवं, असा माझा हिशेब. पण दिवेआगर समुद्रकाठी! माझा डावा अर्धा चौकोन निव्वळ अरबी समुद्र होता आणि उजवी कड ताम्हिणीपर्यंत न पोचता कोकणातच संपली होती. घाटात ठिपका हलत होता, पण आजूबाजूला पिवळटसर पडदा आणि एक-दोन जाड रेषा. फसवणूक यातच आहे: चौकोनाबाहेरचा नकाशा पूर्ण कोरा होत नाही. मोठे रस्ते पुसटसे दिसत राहतात, त्यामुळे ‘उतरलाय की’ असं वाटतं.

म्हणून चौकोन मुक्कामाभोवती नको, रस्त्याभोवती धरा. चांदणी चौक उजव्या कडेच्या आत हवा, दिवेआगर डाव्या कडेच्या आत, आणि मध्ये पिरंगुट, पौड, मुळशी, विळे, माणगाव, म्हसळा ही नावं एकेक करून दिसायला हवीत. दोन्ही टोकं एका चौकोनात मावत नसतील तर दोन नकाशे उतरवा, पण ते एकमेकांवर थोडे चढू द्या. मध्ये फट राहिली तर ती घाटातच यायची, असा माझा अनुभव. किती जागा लागेल ते चौकोनापाशीच लिहून येतं. जागा नसेल तर लग्नाचे व्हिडिओ उडवा, चौकोन छोटा करू नका.

आता परीक्षा, आणि ही कृपा करून टाळू नका. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते पाहा. मॅप्स पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि दिवेआगरजवळचं बोर्ली पंचतन शोधून रस्ता मागा. आधी नेट असताना काढलेला रस्ता नुसता स्क्रीनवर राहिलेला असला तर तो खरा पुरावा नव्हे, नव्याने मागितलेला रस्ता आला पाहिजे. मग विळ्याचा फाटा झूम करून दोन्ही रस्त्यांवरची गावं वाचता येतात का बघा. वाचता आली तर निघा.

निघताना पुण्यातच लोकेशन चालू करून ठिपका येऊ द्या. घाटात, झाडीत, नेट नसताना फोनला पहिल्यांदा उपग्रह शोधायला लावलं तर तो बराच वेळ घेतो. ठिपका येतच नसेल तर गाडी मोकळ्यावर थांबवा आणि दोन-चार मिनिटं धीर धरा.

ऑफलाइनमध्ये रस्ता गाडीचाच मिळतो, पायी किंवा बसचा नाही. वाहतूक कोंडीही दिसत नाही. पावसाळ्यात दरड येऊन घाट बंद झाला असेल तरी नकाशा तुम्हाला बिनदिक्कत तिकडेच नेईल, तेव्हा सकाळी निघतानाच चौकशी करा. उतरवलेल्या नकाशाला मुदतही असते. गेल्या दिवाळीचा आहे म्हणून विसंबू नका, आदल्या रात्री `Offline maps` उघडून तारीख पाहा.

स्क्रीनशॉट मी अजूनही काढतो, पण एकच. घरगुती मुक्कामाची जागा ऑफलाइन शोधात सापडेलच असं नाही. त्यामुळे मालकांनी पाठवलेला ‘देवळापासून दुसरी गल्ली, निळं फाटक’ हा मेसेज आणि त्यांचा फोन नंबर, एवढं गॅलरीत असतं. देवळापर्यंत नकाशा नेतो, पुढे ते फाटक शोधायचं.