आवर्ती संबंध उलगडून थेट सूत्र कसे शोधावे आणि विगमनाने ते कसे पडताळावे

एखाद्या क्रमिकेतील प्रत्येक पद आधीच्या पदावरून मिळते असा नियम दिलेला असतो, तेव्हा शंभरावे पद काढण्यासाठी आधीची सगळी पदे काढत बसावे लागते. थेट सूत्र हाती आले की `n`ची किंमत घालून उत्तर लगेच मिळते. असे सूत्र शोधण्याची एक साधी रीत म्हणजे नियम स्वतःमध्येच पुन्हा पुन्हा घालून तो उलगडत नेणे, त्यातून सूत्राचा अंदाज बांधणे आणि मग गणिती विगमनाने तो अंदाज सिद्ध करणे. येथे एकच उदाहरण घेऊन ही रीत शेवटपर्यंत नेऊ.

```
T(0) = 0
T(n) = 2·T(n-1) + n      (n ≥ 1)
```

उलगडायला बसण्यापूर्वी पहिली काही पदे हाताने काढून कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावीत. `T(1) = 2·0 + 1 = 1`, `T(2) = 2·1 + 2 = 4`, `T(3) = 2·4 + 3 = 11`, `T(4) = 2·11 + 4 = 26`. पुढे कोठे चूक झाली तर ती याच आकड्यांमुळे पकडली जाते, म्हणून हे दोन मिनिटांचे काम मी कधीही टाळत नाही.

आता उलगडणे. नियमात `T(n-1)` आहे, म्हणून त्याच्या जागी काय येते ते आधी स्वतंत्रपणे लिहावे. नियमातील प्रत्येक `n`च्या जागी `n-1` ठेवले की `T(n-1) = 2·T(n-2) + (n-1)` मिळते. सर्वात जास्त चुका येथेच होतात. `T`च्या कंसातील `n` बदलला जातो, पण शेवटी बेरजेत असलेला सुटा `n` तसाच राहतो. तो न बदलता पुढे गेल्यास शेवटी `n·(2^n - 1)` असे नीटनेटके दिसणारे सूत्र मिळते. ते `n = 1` साठी बरोबर उत्तर देते, पण `n = 2` साठी 6 देते, आणि आपल्या कोपऱ्यातील आकडा तर 4 आहे. योग्य रीतीने उलगडल्यावर ओळी अशा येतात:

```
T(n) = 2·T(n-1) + n
     = 4·T(n-2) + 2(n-1) + n
     = 8·T(n-3) + 4(n-2) + 2(n-1) + n
```

या टप्प्यावर आकडेमोड करून पदे एकत्र करण्याचा मोह आवरावा. `2(n-1) + n` याचे `3n - 2` केले तर ओळ आटोपशीर होते, पण ज्या रचनेच्या शोधात आपण आहोत ती पुसली जाते. पदे सुटी ठेवली की `T`चा सहगुणक दर वेळी दुप्पट होतो आहे आणि नव्याने येणाऱ्या पदात दोनचा घात एकने वाढत असताना कंसातील संख्या एकने कमी होते आहे, हे सरळ दिसते. तीन ओळींत हे दिसले नाही तर चौथी ओळ लिहावी. त्यानंतर `k` वेळा उलगडल्यावरची ओळ मांडावी:

```
T(n) = 2^k·T(n-k) + n + 2(n-1) + ... + 2^(k-1)·(n-k+1)
```

थांबायचे कोठे, हे सुरुवातीची अट ठरवते. आपल्याला `T(0)` माहीत आहे, म्हणून `n-k = 0`, म्हणजेच `k = n` घ्यावे. सुरुवात `T(1)` पासून दिली असती तर `k = n-1` घ्यावे लागले असते, आणि पदांची संख्या एकने चुकते ती बहुतेक वेळा येथेच. `T(0) = 0` असल्यामुळे पहिले पद नाहीसे होते आणि उरते ती केवळ एक बेरीज. तिला `S` म्हणू.

```
 S =  n + 2(n-1) + 4(n-2) + ... + 2^(n-1)·1
2S =      2n     + 4(n-1) + ... + 2^(n-1)·2 + 2^n·1
```

दुसरी ओळ म्हणजे पहिलीची दुप्पट. दोनचा समान घात असलेली पदे एकाखाली एक यावीत म्हणून ती एक घर उजवीकडे सरकवली आहे. खालच्या ओळीतून वरची वजा केली की प्रत्येक मधल्या जोडीतील कंसांचा फरक एक येतो. उदाहरणार्थ `2n - 2(n-1)` म्हणजे फक्त 2. वरच्या ओळीतील एकटा `n` उणे होऊन राहतो आणि खालच्या ओळीतील `2^n` तसाच उरतो. म्हणून `S = (2 + 4 + ... + 2^n) - n`. कंसातील भूमितीय श्रेढीची बेरीज `2^(n+1) - 2` आहे, म्हणून आपला अंदाज असा:

```
T(n) = 2^(n+1) - n - 2
```

कोपऱ्यातील आकड्यांशी ताडून पाहता `n = 3` साठी `16 - 3 - 2 = 11` आणि `n = 4` साठी `32 - 4 - 2 = 26`, म्हणजे सूत्र जुळते. तरीही हा अजून अंदाजच आहे, कारण `k` वेळा उलगडल्यावरची ओळ आपण तीन ओळींवरून ताडली होती. काही पदे जुळणे हा पुरावा का नाही, हे याच क्रमिकेत दिसते. 0, 1, 4 हे आकडे पाहून कोणालाही `n^2` सुचेल, आणि पहिल्या तिन्ही पदांना ते लागूही पडते.

विगमनाचे दोन भाग आहेत. पाया म्हणून `n = 0` घेतल्यास सूत्र `2 - 0 - 2 = 0` देते, आणि `T(0)` तेवढेच आहे. पुढच्या पायरीसाठी `n ≥ 1` असा कोणताही `n` घेऊन `n-1` साठी सूत्र खरे आहे असे गृहीत धरावे, म्हणजे `T(n-1) = 2^n - (n-1) - 2 = 2^n - n - 1`. ही किंमत मूळ नियमात घालावी:

```
T(n) = 2·(2^n - n - 1) + n
     = 2^(n+1) - 2n - 2 + n
     = 2^(n+1) - n - 2
```

`n` साठीचे सूत्र नेमके मिळाले, म्हणून ते `n ≥ 0` असलेल्या प्रत्येक पूर्णांकासाठी खरे आहे. येथे उलगडलेल्या ओळींचा आधार घ्यायचा नसतो. फक्त मूळ नियम आणि गृहीतक वापरायचे असते.

हीच पायरी `n^2` वर चालवून पाहण्यासारखी आहे. नियमातून `2(n-1)^2 + n`, म्हणजे `2n^2 - 3n + 2` येते. त्यातून अपेक्षित `n^2` वजा केल्यावर `n^2 - 3n + 2`, म्हणजे `(n-1)(n-2)` उरते. हे शून्य होते ते केवळ `n = 1` आणि `n = 2` असताना, म्हणूनच तो खोटा अंदाज `n = 2` पर्यंत तग धरतो आणि `n = 3` ला कोसळतो.

पायाही तितकाच जपावा. `A·2^n - n - 2` या रूपातील कोणतेही सूत्र, `A` काहीही असला तरी, वरची पायरी बिनतक्रार पार करते. करून पाहिल्यास ते लगेच पटते. `A = 5` घेतल्यास पायरी चालते, पण `n = 0` साठी 3 मिळतात. अनेक सूत्रे नियमाला मानतात आणि त्यांतून आपल्या क्रमिकेचे एकच सूत्र निवडण्याचे काम केवळ पाया करतो.

उजव्या बाजूला एकच मागचे पद असते तोवर ही रीत सुरळीत चालते. `F(n) = F(n-1) + F(n-2)` यासारख्या संबंधात प्रत्येक उलगडण्यातून दोन फांद्या फुटतात, आणि पदे एकत्र करत गेल्यास सहगुणक म्हणून पुन्हा त्याच क्रमिकेतील संख्या समोर येतात. असे दिसले की उलगडणे थांबवून दुसरी रीत घ्यावी.