रोख भरण्याचा चार्ज आणि एटीएमची मर्यादा: स्टेटमेंट वाचताना या चुका टाळा

कराडजवळच्या एका हार्डवेअर दुकानदाराचा हिशेब मी लिहितो. नोव्हेंबरचं स्टेटमेंट घेऊन ते आले तेच चिडलेले. ४ तारखेला खात्यातून २०६ रुपये ५० पैसे गेले होते, आणि त्या दिवशी ते लग्नाला सोलापुरात होते. "बँकेत पाय ठेवला नाही, मग कापले कशाचे?" नोंद साधारण अशी होती:

```
04/11  CASH DEP CHG OCT INCL GST   206.50 Dr
```

पहिली चूक इथेच झाली. त्यांनी तारीख पाहिली, पण `OCT` पाहिलं नाही. रोख भरण्याचा चार्ज बऱ्याच बँका भरणा केल्या दिवशी लावत नाहीत. महिन्याची बेरीज करून तो महिनाअखेरीस किंवा पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कापतात. त्यामुळे चार्जची नोंद एका पानावर असते आणि ज्याच्यामुळे तो लागला तो भरणा आदल्या पानावर. नोव्हेंबरचं पान उलटंपालटं करून काही सापडणार नव्हतं, ऑक्टोबर काढायला हवा होता.

त्यांचं चालू खातं आहे आणि त्या खात्याला महिन्याला ३ लाखांपर्यंत रोख भरणा मोफत आहे. त्यावर हजारामागे साडेतीन रुपये. (हे आकडे त्यांच्या खात्याचे. तुमच्या खात्याची मर्यादा आणि दर वेगळे असतील, बँकेच्या सेवा शुल्काच्या तक्त्यात खात्याच्या प्रकाराप्रमाणे पाहा.) ऑक्टोबरमध्ये ५ तारखेला ८० हजार, १२ ला ९० हजार, १९ ला ७० हजार आणि २८ ला १ लाख १० हजार भरले गेले. एकूण साडेतीन लाख. मर्यादेवर ५० हजार गेले, म्हणजे पन्नास गुणिले साडेतीन, १७५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१.५०. झाले २०६.५०.

हा हिशेब उलटाही करता येतो, आणि मी तोच आधी करतो. स्टेटमेंटमध्ये विचित्र पैशांची रक्कम दिसली की तिला १.१८ ने भागायचं. २०६.५० चे १७५ होतात, १७७ चे १५०, ५९ चे ५०. जीएसटीखालचा मूळ चार्ज समोर आला की तो तक्त्यात शोधणं सोपं. एक अडचण मात्र आहे: काही बँका एकच नोंद न करता तीन करतात. १७५ चा चार्ज, मग १५.७५ सीजीएसटी, पुन्हा १५.७५ एसजीएसटी. दोन सारख्या रकमा लागोपाठ पाहून लोकांना वाटतं एकच चार्ज दोनदा लागला. तसं नसतं. आणि तुमच्या गणितात दोन-चार रुपयांचा फरक राहिला तर तक्त्यात "हजार किंवा त्याचा भाग" असं लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर मर्यादेवरचे ५०,२०० रुपये ५१ हजार धरले जातात. किमान चार्जही असतो, तो छोट्या जादा भरण्यावर लागतो.

दुसरी चूक जास्त महाग पडते: फक्त स्वतःच्या स्लिपा मोजणं. या दुकानदारांच्या फायलीत चारऐवजी तीनच स्लिपा होत्या. १२ तारखेचे ९० हजार त्यांच्या एका कंत्राटदार गिऱ्हाइकाने सांगलीच्या शाखेत परस्पर भरले होते. पैसे तुमच्या खात्यात आले म्हणजे मर्यादा तुमचीच खर्च होते, भरणारा कोणीही असो. त्यातून तुमची मूळ शाखा सोडून दुसरीकडे भरलं तर कित्येक बँकांत वेगळी, कमी मर्यादा असते. नोटा भरायच्या मशीनमधला भरणाही बहुधा याच बेरजेत जातो, काउंटरवर गेलो नाही म्हणून तो सुटत नाही. आणि महिना म्हणजे १ तारीख ते महिनाअखेर. सप्टेंबरची उरलेली मर्यादा ऑक्टोबरला मिळत नाही.

मग काही जण हुशारी करतात: मोठा भरणा टाळून थोडेथोडे भरू. चालू खात्यात रकमेची मर्यादा असेल तर याने काहीच बदलत नाही. बचत खात्यात तर उलटंच होतं, कारण तिथे अनेकदा रकमेबरोबर वेळाही मोजतात. महिन्याला तीन किंवा चार रोख व्यवहार मोफत, आणि काही बँकांत शाखेतलं काढणं-भरणं एकत्रच धरतात. दीडशे रुपयांचा दर असेल तर दहा हजारांचा पाचवा भरणाही १७७ रुपयांना पडतो. अपवाद आहे तो बीएसबीडी खात्याचा, ज्याला लोक झिरो बॅलन्स खातं म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्यात महिन्याला कितीही वेळा आणि कितीही रक्कम भरता येते. पण साधं पगाराचं झिरो बॅलन्स खातं म्हणजे बीएसबीडी नव्हे, ही गल्लत फार होते.

काढण्याकडे येऊ. इथे "मर्यादा" हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. रोजची मर्यादा ओलांडली तर चार्ज लागत नाही, व्यवहारच नाकारला जातो. मोफत वेळांची मर्यादा ओलांडली तर पैसे मिळतात आणि चार्ज लागतो.

समजा कार्डाची रोजची मर्यादा ४० हजार आहे आणि तुम्ही मुंबईत दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर उभे आहात. ते मशीन एका वेळी १० हजारच देतं, तर ४० हजारांसाठी चार वेळा कार्ड घालावं लागेल. मुंबईसारख्या सहा महानगरांत दुसऱ्या बँकेचे तीनच व्यवहार मोफत असतात, चौथ्याला २३ रुपयांपर्यंत चार्ज लागू शकतो. २०२५ च्या १ मेपासून ही कमाल रक्कम आहे. जीएसटी धरून २७.१४. पुण्यात हेच केलं असतं तर चौथा मोफत गेला असता, कारण एटीएमच्या नियमात पुणे महानगर नाही आणि तिथे पाच मिळतात. पुणेकरांना हे एरवी आवडलं नसतं!

त्याच दिवशी पाचव्यांदा कार्ड घातलं तर रोजचे ४० हजार संपलेले असल्याने मशीन नकार देईल. त्या नकाराची स्टेटमेंटवर नोंद दिसायचं कारण नाही. पण खात्यात शिल्लक कमी असताना रक्कम मागितली तर मात्र अनेक बँका दंड घेतात, आणि २३.६० अशी रक्कम दिसली तर बहुधा तोच असतो: २० अधिक जीएसटी. मशीनमध्ये बिघाड, नोटा संपल्या किंवा पिन चुकला म्हणून फसलेला व्यवहार मोफत वेळांत मोजायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सांगितलं आहे. तसा मोजलेला दिसला तर चार्ज परत मागा.

खात्यातून रक्कम वजा झाली पण नोटा आल्या नाहीत, तर त्याला चार्ज समजू नका. ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हायला हवी. त्यापुढे बँकेने रोज १०० रुपये भरपाई द्यायची असते. स्टेटमेंटमध्ये परतीची नोंद वेगळ्या तारखेला असते, म्हणून वजा झालेली ओळ लक्षात ठेवून पुढची पानं बघावी लागतात.

वाद घालायचा असेल तर महिन्याचे सगळे भरणे तारखेनुसार एका कागदावर मांडा, बेरीज करा, जादा रक्कम आणि आलेला चार्ज लिहा, आणि शाखेत लेखी द्या. "तुम्ही माझे पैसे का कापले" या प्रश्नापेक्षा "माझ्या हिशेबाने १७५ होतात, तुम्ही २४५ लावलेत, जादा २० हजार कुठून धरले ते सांगा" याला लवकर उत्तर मिळतं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत.

आमच्या दुकानदारांचा चार्ज बरोबरच होता, त्यामुळे तक्रार करायला काही नव्हतं. २८ तारखेचे पन्नास हजार १ नोव्हेंबरपर्यंत गल्ल्यात ठेवले असते तर २०६ रुपये वाचले असते, असं त्यांच्या मुलाचं म्हणणं. मला ते पटलं नाही, दुकानाच्या गल्ल्यात पन्नास हजार चार रात्री ठेवण्याची जोखीम त्याहून मोठी. त्यांनी सांगलीच्या कंत्राटदाराला एनईएफटी करायला सांगितलं.