चाहत्याने दिलेल्या एका डॉलरमधून तुमच्या हाती किती पडतात?

ऑनलाइन टीप घ्यायची सोय सुरू करताना बहुतेक क्रिएटर एकच गोष्ट पाहतात: प्लॅटफॉर्म किती टक्के कापतो. मोठ्या रकमेला ते ठीक आहे. टीप लहान असेल तर मात्र टक्क्यांपेक्षा दर व्यवहारामागे लागणारं ठरावीक शुल्क जास्त खातं, आणि ते जाहिरातीत ठळक लिहिलेलं नसतं. म्हणून आधी हिशेब करा, मग बटण लावा.

1. पैसे कोणाकोणाच्या हातून येतात ते लिहून काढा. टीपच्या पानावर साधारण दोघे कापतात. एक प्लॅटफॉर्म: बाय मी अ कॉफीवर 5 टक्के, तर को-फीवर साध्या टीपवर काहीच नाही. दुसरा कार्डाचे पैसे वळते करणारा पेमेंट प्रोसेसर. त्याचा अमेरिकेतला प्रचलित दर 2.9 टक्के अधिक 30 सेंट असा आहे. टीप एक डॉलरची असो वा शंभराची, हे 30 सेंट जातातच. तुमच्या देशातला दर वेगळा असू शकतो, तो प्रोसेसरच्या दरपत्रकात पाहा.

यूट्यूबच्या सुपर चॅटची, म्हणजे लाइव्ह चालू असताना पैसे देऊन पाठवलेल्या ठळक संदेशाची, रचना निराळी आहे. कर आणि आयफोनवरून आलेली असेल तर ॲप स्टोअरचं शुल्क वजा करून उरलेल्या रकमेचे 70 टक्के क्रिएटरला मिळतात. कार्डाचा खर्च यूट्यूब स्वतःच्या वाट्यातून भरतं.

2. आता एक डॉलर आणि पाच डॉलर, दोन्ही मांडून पाहा. 5 टक्के घेणाऱ्या पानावर एक डॉलर आला, तर प्लॅटफॉर्मचे 5 सेंट, प्रोसेसरचे सुमारे 33 सेंट, हाती 62 सेंट. सुपर चॅटमध्ये त्याच डॉलरचे, कर बाजूला ठेवला तर, 70 सेंट मिळतात. म्हणजे 30 टक्के घेणारा इथे 5 टक्केवाल्यापेक्षा स्वस्त पडला! पाच डॉलरला चित्र उलटतं: पानावरून सुमारे 4.30 डॉलर, सुपर चॅटमधून 3.50. दोन्ही बाजू साधारण 1 डॉलर 36 सेंटला बरोबरीत येतात. तुमचे चाहते या रेषेच्या कोणत्या बाजूला आहेत, त्यावर निवड ठरते.

सुपर चॅट आयफोनच्या ॲपमधून आली आणि स्टोअरने 30 टक्के घेतले, तर पाच डॉलरचे आधी 3.50 होतात आणि त्याचे 70 टक्के, म्हणजे 2.45 डॉलर तुमचे. हे चाहत्यांना ठाऊकच नसतं. फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमधून टीप द्या, एवढं एक वाक्य वर्णनात लिहिलंत तरी फरक पडतो.

लाइव्ह स्ट्रीमिंगच्या ट्विचने 2016 मध्ये बिट्स आणले, म्हणजे चाहत्याने आधी विकत घेऊन मग टीप म्हणून द्यायची आभासी नाणी; त्यांत कपात आधीच, खरेदीच्या वेळी होते. तेव्हा 100 बिट्स 1.40 डॉलरला मिळत आणि क्रिएटरला दर बिटमागे एक सेंट. चाहत्याला वाटतं सगळं तुम्हाला पोचलं, पण त्याच्या खिशातून गेलेल्या पैशातला जवळपास 29 टक्के वाटा मधेच राहिलेला असतो. मात्र बिट्सचा गठ्ठा एकदाच विकत घेतल्यामुळे दहा-वीस बिट्सची टीपही देता येते, जी कार्डाने परवडलीच नसती.

3. किमान रक्कम ठरवा. टीपच्या पानावर ती तीन ते पाच डॉलर ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. एकाच चाहत्याने पाच वेळा एकेक डॉलर दिला तर हाती 3.10 येतात, एकदम पाच दिले तर 4.30.

याला आणखी एक कारण आहे. चोरीची कार्डं चालतात का हे तपासायला भामटे अशीच एक डॉलरवाली पानं शोधतात. अनोळखी नावांनी, काही मिनिटांत, एकाच रकमेच्या टीपा धडाधड येऊ लागल्या आणि बऱ्याच नाकारल्याही गेल्या, तर आनंदून जाऊ नका. टीप तात्पुरती बंद करा आणि आलेले पैसे स्वतःहून परत करा. परताव्यात प्रोसेसरचं मूळ शुल्क बहुधा बुडतं. तरी खऱ्या कार्डधारकाने बँकेकडे तक्रार केली, तर टीप तर जातेच, वर त्या तक्रारीचं वेगळं शुल्क बसतं. ते एका डॉलरच्या कितीतरी पट असतं.

4. पहिली खरी टीप आली की नोंद उघडा. एखाद्या मित्राला छोटी रक्कम पाठवायला सांगा. मग व्यवहाराच्या तपशिलात एकूण रक्कम, शुल्क आणि निव्वळ रक्कम हे तीन आकडे तुमच्या कागदावरच्या हिशेबाशी ताडून पाहा. फरक दिसला तर बहुधा चलन बदलण्याचं किंवा परदेशी कार्डाचं शुल्क लागलेलं असतं.

शेवटी पैसे बँकेत कधी येतात तेही पाहा. यूट्यूबची कमाई गूगलच्या ॲडसेन्स खात्यातून येते आणि खात्यात 100 डॉलर साठेपर्यंत सुटत नाही. थेट प्रोसेसरवर चालणाऱ्या पानांचे पैसे सहसा काही दिवसांत मिळतात.