विद्यार्थ्यांचे व्हिडिओ असे वाचवले

शिक्षक दिनाला जुन्या विद्यार्थ्यांनी व्हॉट्सॲपवर शुभेच्छांचे व्हिडिओ पाठवले. कुणी शेतातून, कुणी दुबईहून. संध्याकाळी फोनवर 'स्टोरेज भरलं' अशी सूचना आली आणि माझा जीव कासावीस झाला. व्हॉट्सॲपवर एकदा उतरवलेला व्हिडिओ फोनमधून पुसला, तर तो पुन्हा उतरवता येईलच असं नाही.

मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा एक विद्यार्थी घरी आला. म्हणाला, "सर, आधी कॉपी, मग उघडून बघायचं, मगच डिलीट." टाइप-सी तोंडाचा पेन ड्राइव्ह त्याने फोनला लावला. फाइल्स ॲपमध्ये WhatsApp Video हे फोल्डर उघडलं, हवे ते व्हिडिओ निवडून पेन ड्राइव्हवर कॉपी केले. 'मूव्ह' मुद्दाम टाळलं, कारण मध्येच पेन ड्राइव्ह निघाला तर फाइल अर्धवट राहू शकते. मग प्रत्येक व्हिडिओ पेन ड्राइव्हवरूनच शेवटपर्यंत चालवून पाहिला.

फाइलचं नाव VID-20250905-WA0012 असं असतं. त्यावरून चेहरा कसा आठवणार? म्हणून मी नावं बदलली: 'सुनीता, १९९४ची दहावी'. हे काम मात्र मी रमून केलं.

जागा खरी खाल्ली होती गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये Manage storage उघडलं की कोणत्या गटाने किती जागा घेतली ते दिसतं. तिथून ते पुसले आणि व्हिडिओ आपोआप उतरणं बंद केलं. पेन ड्राइव्हही बिघडतो, म्हणून दुसरी प्रत मुलाच्या लॅपटॉपवर ठेवली आहे.