उधारीचं बिल खतावणीत नेताना या चुका टाळा

बेळगावात शहापूरला पाइप-फिटिंगच्या एका दुकानाचे हिशेब मी बघतो. सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाकींची तेरीज जुळत नाही म्हटलं की मी आधी विक्री पुस्तक उघडतो, कारण बऱ्याचदा घोळ तिथून खतावणी करतानाच झालेला असतो.

एकच बिल धरा. निपाणीच्या पार्टीला ५०० चे २० पाइप उधारीवर दिले, १० टक्के व्यापारी सूट, राहिले ९,०००, त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी १,६२०, बिल झालं १०,६२० चं. सूट बिलातच वजा होते, तिचं वेगळं खातं काढायचं नाही. विक्री पुस्तकात विक्रीच्या रकान्यात ९,००० आणि सीजीएसटी, एसजीएसटी ८१०-८१०. हाच माल चंदगडला पोचवून दिला असता तर राज्य बदललं, मग सगळे १,६२० आयजीएसटीच्या रकान्यात जातात, आणि आपल्या सीमाभागात दोन्हीकडची गिऱ्हाइकं असल्यामुळं इथं फार जण चुकतात.

आता खतावणी. पार्टीच्या खात्याला त्याच दिवशी १०,६२० नावे टाकायचे, पण विक्री खात्याला तेव्हा हात लावायचा नाही, महिनाअखेरीला रकान्यांची टोटल मारून विक्री आणि दोन्ही टॅक्सच्या खात्यांना एकदाच जमा करायची. काही जण रोज बिलागणिक विक्री खात्याला जमा करतात आणि वर महिन्याची टोटलपण टाकतात, मग जमेची बाजू फुगते.

याहून वाईट म्हणजे तेच बिल रोजकीर्दीतही लिहिणं. तिथून दोन्ही बाजू पुन्हा खतावल्या जातात, तेरीज छान जुळते, आणि पार्टीकडं दुप्पट येणं दिसतं. रोजकीर्दीत जावं ते दुकानातलं जुनं कटिंग मशीन उधारीवर विकलं तर, कारण तो आपल्या विक्रीचा माल नव्हे.

मागं एका महिन्यात तीनच उधारीची बिलं होती, १०,६२०, ५,९०० आणि २,३६०, टोटल १८,८८०. तेरजेत नावे बाजू ३६० नी कमी. तिसऱ्या बिलाचा जीएसटी नेमका ३६०, म्हणून सगळे तोच सुटला म्हणून शोधत बसले. पण ३६० ला ९ नं पूर्ण भाग जातो, म्हणजे आकड्यांची अदलाबदल झाली असेल अशी शंका घ्यायला जागा आहे. निपाणीच्या खात्यावर १०,६२० ऐवजी १०,२६० निघाले. ९ चा भाग हा नुसता इशारा आहे, खात्री मूळ बिल समोर धरूनच करायची.

आणखी एक चूक तेरीज कधीच दाखवत नाही: निपाणीच्या पाटलांचं बिल खानापूरच्या पाटलांच्या खात्यावर पडलं तर. म्हणून खात्याच्या नावात गाव घाला, विक्री पुस्तकात खाते पान नंबर खतावल्यानंतरच लिहा, आणि महिन्याला पार्टीला खातेउतारा पाठवून येणं कबूल करून घ्या.